सबरूटीन वगळलं की टायमर गोठतो, आणि परत आल्यावर उडी मारतो

"सर, मच्छेच्या एका फाउंड्रीत सँड मिक्सरवर मेंटेनन्स बघतो. पीएलसी कॉम्पॅक्टलॉजिक्स आहे. सिलेक्टर ऑटोवर असेल तरच ऑटोचं सबरूटीन JSR ने कॉल होतं. ओलं मिक्सिंग चालू असताना कुणी मॅन्युअल केलं की स्क्रीनवर टायमर आहे तिथंच अडकतो, ४० सेकंद तर ४०. परत ऑटो केलं की १२० सेकंद पूर्ण न होताच गेट उघडतं आणि कच्ची वाळू बेल्टवर. एकदा मात्र मधूनच नीट पुढं मोजत गेला. टायमरच्या ओळीत AFI टाकलं तर शून्य झाला, JSR च्या आधी AFI टाकलं तर पुन्हा अडकला. प्रोग्रॅम मोडला नेऊन रनला आणलं की सगळं ठीक. पीएलसी बदलावा लागेल काय?"

पीएलसीला हात लावू नका, तो बरोबर चालतोय. तुम्ही सांगितलेल्या पाचही गोष्टी एकाच कारणाच्या आहेत. मिक्सिंग 'एकदा मात्र नीट चाललं' हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण सगळ्यांत जास्त त्यातूनच कळतं.

आपण टायमरला भिंतीवरचं घड्याळ समजतो. एकदा चालू केलं की आपलं आपण चालणारं. लॉजिक्समधला टायमर तसा नसतो. तो घरोघरी फिरणाऱ्या वीज मीटर रीडरसारखा आहे. स्कॅन त्या TON च्या ओळीवर आला की प्रोसेसर दोनच गोष्टी बघतो: आत्ताची वेळ किती आणि मागच्या वेळी इथं आलो तेव्हा किती होती. दोन्हींतला फरक ACC मध्ये मिळवतो, आत्ताची वेळ 'मागची वेळ' म्हणून लिहून ठेवतो आणि पुढं जातो. स्कॅन दहा मिलिसेकंदांचा असेल तर रीडर दर दहा मिलिसेकंदांनी येतो, म्हणून ACC सुरळीत पळताना दिसतो. सबरूटीनचा कॉल बंद झाला, किंवा JMP ने ती ओळ ओलांडून LBL ला गेलात, की रीडर येणंच बंद. पाटीवरचा आकडा जुनाच राहतो. म्हणून तुम्हाला ४० दिसतात.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो रीडर परत येतो तेव्हा. तीन महिने न आलेला मीटर रीडर आला की काय होतं? तीन महिन्यांचं बिल एकदम. टायमरचंही तेच. वगळलेल्या काळात EN बिट कुणी खाली आणलेला नाही, तो १ च आहे. परतल्यावर ओळीची अट खरी असेल तर प्रोसेसरच्या दृष्टीनं टायमर आधीपासूनच चालू होता, फक्त यायला उशीर झाला. तो पूर्ण फरक एका स्कॅनमध्ये मिळवतो.

तुमचे आकडे घालून बघूया. PRE १,२०,००० मिलिसेकंद. मॅन्युअल केलं तेव्हा ACC समजा ४०,२१३ होता. सहा मिनिटं मॅन्युअलमध्ये गेली, म्हणजे ३,६०,०००. ऑटो केल्यावर पहिल्याच स्कॅनमध्ये ACC झाला ४,००,२१३. PRE कधीच मागं पडला, DN लागला, स्टेप पुढं सरकली, गेट उघडलं. मिक्सिंग झालं चाळीस सेकंद.

आता ते 'एकदा नीट चाललं' बघा. मागची वेळ लिहून ठेवायला टायमरच्या आत २२ बिटांचीच जागा असते. २२ बिटांत ४१,९४,३०४ मिलिसेकंद मावतात, म्हणजे साधारण ६९ मिनिटं ५४ सेकंद. त्यापलीकडं ती मोजणी जुन्या काट्याच्या मीटरसारखी फिरून पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून रॉकवेलच्या मॅन्युअलमध्येच बजावलेलं आहे की चालू टायमर सबरूटीनमध्ये किंवा JMP आणि LBL च्या मध्ये असेल तर तो ६९ मिनिटांच्या आत एकदा तरी स्कॅन झाला पाहिजे, नाहीतर ACC चुकेल. समजा त्या दिवशी सिलेक्टर ७० मिनिटं २४ सेकंद मॅन्युअलवर राहिला. गेलेला काळ ४२,२४,००० मिलिसेकंद, त्यातून ४१,९४,३०४ आपोआप गळाले, उरले २९,६९६. ते ४०,२१३ मध्ये मिळून ACC झाला ६९,९०९. DN लागला नाही, टायमर उरलेले पन्नास सेकंद मोजत शांतपणे पुढं गेला. बघणाऱ्याला वाटलं, आज मधूनच नीट चालू झाला. ७१ मिनिटं १५ सेकंद झाली असती तरी गेट उघडलं असतं. दुसरी शक्यता साधी आहे: त्या दिवशी मॅन्युअल अर्ध्या-एक मिनिटासाठीच झालं असेल. मधले ऐंशी सेकंद भरले नाहीत तर DN लागत नाही, आणि मधला काळ मिसळलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. मला ही दुसरी शक्यता जास्त वाटते. शिफ्टच्या नोंदवहीत वेळ सापडली तर बघा, दोन्हींतली कुठली ते कळेल.

AFI च्या दोन जागांचं कोडंही इथंच सुटतं. टायमरच्या ओळीत AFI टाकलं की ओळ स्कॅन होते, पण अट खोटी असते. खोट्या अटीवर TON आपलं काम करतो: ACC शून्य, EN, TT, DN तिन्ही खाली. JSR च्या आधी AFI टाकलं की सबरूटीन कॉलच होत नाही, म्हणजे टायमरची ओळ खोटीही होत नाही, ती वाचलीच जात नाही. 'बंद केलं' हा शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो, त्यामुळं घोळ होतो. खोटी ओळ आणि न वाचलेली ओळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. MCR झोन पहिल्या प्रकारात मोडतो: झोन बंद असला तरी आतल्या ओळी स्कॅन होतात, फक्त खोट्या म्हणून. JMP, न झालेला JSR आणि इनहिबिट केलेला टास्क दुसऱ्या प्रकारात.

प्रोग्रॅम मोडमधून रनला आणल्यावर ठीक होतं, कारण रनला जाताना कंट्रोलर सगळ्या लॅडरवरून एक प्रीस्कॅन फिरवतो. त्यात TON चा ACC शून्य होतो आणि बिट्स खाली येतात. EN खाली आला की मागची बाकी विसरली जाते, पुढच्या वेळी टायमर पहिल्यापासून मोजतो. पण प्लांट चालू असताना हा उपाय करू नका. प्रीस्कॅनमध्ये बाकीचे OTE पण खाली येतात.

आता हे तुमच्या मशीनवर खरंच घडतंय याची खात्री कशी करायची? ऑनलाइन जाऊन सबरूटीन उघडलं की ओळ हिरवी दिसते, आणि तिथंच माणूस फसतो. स्टुडिओ ५००० मधला हिरवा रंग टॅगच्या किमतीवरून लागतो, ओळ स्कॅन होते की नाही यावरून नाही. कॉल न झालेल्या सबरूटीनमध्येही ओल्या मिक्सिंगच्या स्टेपचा, समजा Step3 चा, बिट १ असेल तर तो हिरवाच दिसेल. नवीन पोरं या हिरव्या ओळीकडं अर्धा दिवस बघत बसतात. मीही बसलोय. म्हणून संशयातल्या सबरूटीनच्या पहिल्या ओळीत एक मोजणी टाकायची:

```
ADD(R20_Count,1,R20_Count);
```

R20_Count पळतोय तर सबरूटीन वाचलं जातंय, थांबलाय तर नाही. वाद संपला. मधे JMP असेल तर अशीच दुसरी मोजणी टायमरच्या ओळीच्या अगदी वर टाका. काम झालं की काढून टाका, नाहीतर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारेल हा टॅग कशाला.

मोजणी टाकायचीही सवड नसेल तर टायमरचे बिट्स वाचा. TT १ आहे आणि ACC हलत नाही, तर ओळ स्कॅन होत नाही, याला दुसरं कारण शोधायची गरज नाही. EN शून्य आणि ACC शून्य असेल तर ओळ स्कॅन होत असेल, पण अट खोटी आहे, तो वेगळा तपास. ACC थोडा चढतो आणि पुन्हा शून्य होतो असं दिसलं तर तोच टॅग दुसऱ्या कुठल्या TON ला दिलाय का ते क्रॉस रेफरन्समध्ये बघा.

उडी मात्र डोळ्यांना दिसत नाही. DN लागल्यावर स्टेप बदलते, पुढच्या स्कॅनला Step3 खोटं, TON शून्य. पुरावा दहा मिलिसेकंदांत पुसला जातो. तो पकडायला TON च्या लगेच खालची ओळ अशी करा:

```
XIC(MixTmr.DN) ONS(Dbg_Ons) MOV(MixTmr.ACC,Dbg_Acc);
```

रोजच्या बॅचला Dbg_Acc मध्ये १,२०,००० च्या वर एखाद्या स्कॅनइतकेच मिलिसेकंद जास्त दिसतील. मग मुद्दाम ४० सेकंदांवर मॅन्युअल करा, घड्याळ लावून सहा मिनिटं थांबा, ऑटो करा. चार लाखांच्या आसपास आकडा दिसला की तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला दाखवायला दुसरं काही लागणार नाही. ही चाचणी करताना मिक्सर रिकामा ठेवा.

दुरुस्ती सांगतो, पण त्याआधी एक प्रश्न लॅडरचा नाही, वाळूचा आहे. मॅन्युअलमधून परत आल्यावर तुम्हाला काय व्हायला हवंय? उरलेले ऐंशी सेकंद मोजायचेत की पुन्हा १२०? मला विचाराल तर मिक्सिंगचा काळ म्हणजे मिक्सरची मोटर फिरत असतानाचाच काळ. घड्याळात किती वाजले याच्याशी बेंटोनाइटला काही देणंघेणं नाही. पाणी घातलेली वाळू सहा मिनिटं नुसती पडून राहिली म्हणजे ती मिक्स झाली असं होत नाही. म्हणून टायमर सबरूटीनच्या बाहेर काढून रोज, दर स्कॅनला वाचल्या जाणाऱ्या मुख्य रूटीनमध्ये ठेवा, आणि अटीत मोटरचा रन फीडबॅक घाला:

```
XIC(Auto) XIC(Step3) XIC(Mixer_Run) RTO(MixTmr,120000,0);
XIC(Step1) RES(MixTmr);
```

RTO अट खोटी झाली की ACC जपून ठेवतो आणि EN खाली आणतो. हे EN खाली येणंच महत्त्वाचं आहे. पुन्हा अट खरी झाली की तो 'मागची वेळ' नव्यानं लिहितो आणि जपलेल्या आकड्यापासून पुढं मोजतो. स्टेप बदलणारी ओळ ऑटोच्या सबरूटीनमध्ये राहिली तरी चालेल, ती MixTmr.DN वाचत राहील. RES मात्र विसरू नका. RTO आपोआप शून्य होत नाही, वीज जाऊन आली तरी जुना आकडा राहू शकतो, आणि विसरलात तर पुढची बॅच सुरू होतानाच DN लागलेला असेल. बॅच अर्धवट असताना ऑपरेटरनं मॅन्युअलमध्ये गेट उघडून वाळू काढली असेल तर Step3 चालू ठेवण्यातही अर्थ नाही. अशा वेळी स्टेप रद्द करून Step1 ला न्यायची अट तुम्हाला वेगळी घालावी लागेल.

इथं एक सावधगिरी. पुष्कळजण ऐकतात की 'RTO लावला की टायमर धरून ठेवतो' आणि सबरूटीनच्या आतच TON चा RTO करतात. काही फायदा नाही. आत असलेला RTO सुद्धा वगळला गेला तर त्याचा EN १ च राहतो, आणि परत आल्यावर तोही तशीच उडी मारतो. काम RTO करत नाही, ओळ दर स्कॅनला वाचली जाण्यानं होतं.

टायमर बाहेर काढताना तुमच्या पाण्याच्या सोलेनॉइडकडंही बघा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला खात्री आहे तो त्याच सबरूटीनमध्ये OTE ने चालतोय. पाणी चालू असताना कुणी मॅन्युअल केलं तर त्याची ओळ वाचलीच जाणार नाही, आउटपुट आहे तसाच चालू राहील आणि मिक्सरमध्ये चिखल. तसंच, कुठं बाहेरच्या रूटीनमध्ये एखाद्या टायमरचा TT बिट आउटपुटसाठी वापरला असेल तर तोही १ वर गोठलेला राहतो. आउटपुटच्या ओळी एका कायम वाचल्या जाणाऱ्या रूटीनमध्ये ठेवणं आणि त्यांत ऑटो किंवा मॅन्युअलची अट घालणं, एवढं केलं तरी निम्मा त्रास संपतो.

या उडीनं वाळूपेक्षा मोठं नुकसान कसं होऊ शकतं हे मी चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात बघितलंय. उसाच्या कॅरियरला सुरू होण्याआधी दहा सेकंद भोंगा वाजायचा, त्याचा TON कॅरियरच्या सबरूटीनमध्ये. देखभालीसाठी बायपास कीनं ते सबरूटीन वगळण्याची सोय कुणीतरी करून ठेवली होती. भोंगा तिसऱ्या सेकंदाला असताना की फिरवली, पाऊण तासानं की परत फिरवली. स्टार्टचा लॅच बिट तसाच होता. पहिल्या स्कॅनला दहा सेकंद 'पूर्ण', भोंगा न वाजताच कॅरियर निघाला. जवळ उभा असलेला फिटर मागं सरकला म्हणून बरं. तो लॅडर मीच लिहिलेला होता. तेव्हापासून देखभालीच्या कामाला मोटरचं आयसोलेटर उघडून कुलूप लावल्याशिवाय मी कुणाला कॅरियरजवळ जाऊ देत नाही, लॅडर कितीही सुधारलेला असला तरी.

जुन्या मशीनवर एकाच सबरूटीनमध्ये तीस-चाळीस टायमर असतील आणि एकेक बाहेर काढणं शक्य नसेल, तर मी एक शेवटची फेरी मारून घेतो. ऑटो गेल्यावरही सबरूटीन आणखी एकदा कॉल करायचं, पण आतलं सगळं खोटं करून:

```
[XIC(Auto),XIC(Auto_Prev)] JSR(R20_Auto,0);
XIC(Auto) OTE(Auto_Prev);
```

दोन ओळींचा क्रम असाच हवा. ऑटो पडलेल्या स्कॅनला Auto_Prev अजून १ असतो, म्हणून कॉल होतो, आणि त्यानंतरच तो खाली येतो. R20_Auto च्या पहिल्या ओळीत `XIC(Auto) MCR();` आणि शेवटच्या ओळीत बिनअटीचा `MCR();` टाका. त्या एका फेरीत सगळे TON शून्य होतात, OTE खाली येतात, आणि मग सबरूटीन निवांत बंद पडतं. OTL मात्र तसेच राहतात, ते तुम्हाला वेगळे उतरवावे लागतील. आत आणखी एखादं सबरूटीन JSR ने कॉल होत असेल तर तो JSR ही झोनमध्ये खोटा ठरतो, म्हणजे ते आतलं सबरूटीन वाचलंच जात नाही आणि त्यातले टायमर पुन्हा गोठलेले. त्यांच्यासाठी हीच युक्ती वेगळी करावी लागते.

शिफ्टमध्ये कुणी म्हणेल, आमच्या दुसऱ्या मशीनवर असं होत नाही. कंपनी बघा. मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये CJ ने वगळलेले नेहमीचे टायमर खरोखर जागीच थांबतात आणि परत आल्यावर तिथून पुढं मोजतात, उडी नाही. सीमेन्सचे जुने S5 टायमर सबरूटीन कॉल होवो न होवो, मागच्या बाजूला चालूच राहतात. S7-1200 मधला TON मात्र तुमच्यासारखाच वागतो: कुणी कॉल केलं नाही आणि Q किंवा ET वाचलं नाही तर आकडा जुना, वाचलं की मधला सगळा काळ एकदम. आणि फाउंड्रीत एखादा जुना SLC ५०० असेल तर त्याची वही फारच छोटी आहे. ०.०१ सेकंदाच्या टाइम बेसवर अडीच सेकंदांपर्यंतचं वगळणं तो बरोबर हिशोबात धरतो, त्यापेक्षा जास्त झालं की वेळ चुकते आणि चुकली हे सांगणारा बिट कुठंच नसतो. एकावरून दुसऱ्यावर लॅडर जसाच्या तसा उतरवताना हे आधी तपासा.

एक राहिलं. तुमच्या मिक्सरवर डस्ट कलेक्टरचा पंखा मिक्सर थांबल्यावर काही वेळ चालू ठेवणारा टायमर असेलच, तो TOF असतो. शेवटच्या फेरीची युक्ती TOF वर उलटी पडते. खोटी अट आली की TOF मोजायला लागतो, DN अजून १ असतो, आणि नेमकं त्याच वेळी सबरूटीन बंद. DN कायमचा १, पंखा रात्रभर चालू. TOF असलेल्या ओळी आधी मुख्य रूटीनमध्ये हलवा, मग ती फेरी लावा.